विश्लेषण : मूल जेवत नाही… नखरा, सवय की आजार? आहारतज्ज्ञ कसे ओळखतात?

‘काहीच खात नाही हो’ ही बालरोगतज्ज्ञांकडे सर्वाधिक ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी एक. त्यातली बहुतांश मुले उत्तम वाढत असतात. काही मोजक्या मुलांच्या बाबतीत मात्र ‘मोठा झाला की खाईल’ हा धीर महागात पडतो. या दोन गटांतला फरक ओळखणे हे आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या ‘केस’ प्रश्नांमागचे खरे आव्हान असते. अशीच एक नमुना केस सोडवताना आहारतज्ज्ञ काय मोजतात, काय विचारतात आणि पालकांना काय सांगतात, याचा हा आढावा.

केस काय आहे?

चार वर्षांचा मुलगा. वजन १३.६ किलो, उंची १०० सेंटीमीटर. दिवसाला सुमारे ९०० मिली दूध पितो, त्यातले बरेचसे बाटलीने आणि रात्री झोपेत. त्याखेरीज पांढरा भात, तूप-साखर पोळी, ग्लुकोज बिस्किटे, बटाट्याचे वेफर्स, कुरमुरे, शेव, नूडल्स आणि केळे एवढेच खातो. दोन वर्षांचा होईपर्यंत वरणभात आणि उकडलेले अंडे खायचा, नंतर ते सोडले. भातावर वरण घातले की उमाळे येतात, पण दोन्ही वेगळे ठेवले तर निदान भात खातो. जेवण तासभर चालते. समोर मोबाइल आणि मागे वाटी घेऊन आजी. शाळेचा डबा बहुतेक दिवस तसाच परत येतो. तीन-चार दिवसांतून एकदा खडा होतो. हिमोग्लोबिन ९.४. प्रश्न असा : हा ‘पिकी ईटर’ आहे की खाण्याचा विकार? आणि सल्ला काय द्याल?

वाढीचा तक्ता काय सांगतो?

एकाच दिवसाच्या वजनावरून निष्कर्ष काढला तर फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार चार वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १६.३ किलो असते आणि १२.७ किलोच्या खाली गेल्यास ते मूल कमी वजनाचे गणले जाते. आपला मुलगा १३.६ किलोचा, म्हणजे केवळ वजनाची ही रेषा पाहिली तर चाळणीतून सहज सुटतो.

मात्र जुन्या नोंदी काढल्या की चित्र बदलते. दोन वर्षांचा असताना तो १२.२ किलोचा होता, म्हणजे अगदी मध्यम रेषेवर. तीन वर्षांचा असताना १३.३ किलो. त्या वयात मध्यम वजन १४.३ किलो असते. या वयात वर्षाला सुमारे दोन किलो वजन वाढणे अपेक्षित असते. पहिल्या वर्षी वाढले १.१ किलो, दुसऱ्या वर्षी फक्त ३०० ग्रॅम. मुलगा बारीक आहे यापेक्षा तो आपल्याच रेषेवरून खाली घसरतो आहे, ही खरी खूण. जन्मापासून खालच्या रेषेवर, पण तिला समांतर वाढणारे मूल चिंतेचे नसते. म्हणून अंगणवाडीतील किंवा डॉक्टरांकडील लसीकरणाच्या फाइलमधील जुनी वजने सोबत नेणे फार उपयोगी ठरते.

दुधाचा हिशेब महत्त्वाचा का?

आहारतज्ज्ञ सर्वप्रथम तीन दिवसांची नोंद मागतात. दोन शाळेचे दिवस, एक सुट्टीचा. काय खाल्ले, किती, किती वाजता, कुठे बसून, कोणी भरवले आणि किती वेळ लागला, हे सारे त्यात हवे. ‘काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या घरातील नोंदीत दूध आणि बिस्किटे हमखास सापडतात, कारण घरच्यांच्या लेखी ते ‘खाणे’ नसते.

या मुलाचे ९०० मिली गायीचे दूध म्हणजे साधारण ६३० कॅलरी. आयसीएमआर व राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची गरज सरासरी १,३६० कॅलरी असते आणि या वजनाच्या मुलाची त्याहून काहीशी कमी. म्हणजे निम्म्याच्या आसपास भूक दुधानेच भागते. दूध म्हशीचे असेल तर हा आकडा आणखी वाढतो.

आता प्रथिने पाहू. या वयात रोज सुमारे १६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ९०० मिली दुधातूनच त्याला जवळपास २९ ग्रॅम मिळतात. त्यामुळे घरच्यांनी आणलेली प्रोटीन पावडर इथे निरुपयोगी आहे. कमतरता लोहाची आहे. गरज दिवसाला ११ मिलिग्रॅम आणि दुधात लोह जवळपास नगण्य. शिवाय दुधातील कॅल्शियम व केसिन हे प्रथिन अन्य अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात.

येथून एक चक्र सुरू होते. दुधाने पोट भरते, म्हणून जेवण कमी. जेवण कमी, म्हणून लोह आणि तंतुमय पदार्थ कमी. लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते. तंतू कमी आणि दूध जास्त, म्हणून बद्धकोष्ठता, आणि पोट साफ नसलेले मूल जेवायला मागत नाही. मग ‘निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून आणखी एक बाटली. पाच वर्षांखालील मुलात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. ९.४ हा मध्यम रक्तक्षय आहे. अशा मुलाला माती, खडू, भिंतीचा रंग खाण्याची सवय आहे का, हेही विचारावे लागते. पालक आपणहून ते सांगत नाहीत.

नखरे कुठे संपतात, विकार कुठे सुरू होतो?

दीड-दोन वर्षांच्या आसपास मुले अनोळखी अन्नाला नकार देऊ लागतात. याला ‘फूड निओफोबिया’ म्हणजे नव्या अन्नाची भीती म्हणतात. दोन ते सहा या वयात ती जोरावर असते आणि नंतर बहुतेकांत ओसरते. अशी मुले भाज्या नाकारतात, एखादा पदार्थ पंधरा दिवस सतत मागतात आणि मग त्याला तोंड लावत नाहीत. पण काही दिवसांनी तो पदार्थ परत येतो, वजन वाढत राहते आणि मित्राच्या वाढदिवसाला जाण्यात अडचण नसते.

याच्या पलीकडील स्थितीला अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या वर्गीकरणात २०१३ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले, ते म्हणजे ‘अव्हॉयडंट/रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर’, थोडक्यात ‘आर्फिड’. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ मध्येही त्याचा समावेश आहे. अन्न टाळण्यामुळे चारपैकी किमान एक परिणाम दिसला तर या निदानाचा विचार होतो : वजन घटणे किंवा अपेक्षेप्रमाणे न वाढणे, पोषणाची लक्षणीय कमतरता, नळीने अथवा पूरक पेयांवरच जगण्याची वेळ, किंवा शाळा, घर, नातेसंबंध यांत मोठा व्यत्यय. घरात अन्नाची चणचण, उपवासासारखी प्रथा किंवा दुसरा आजार हे कारण असेल तर हे निदान होत नाही. ‘मी जाड आहे’ ही भीतीही यात नसते.

अशा मुलांत टाळण्याची कारणे साधारण तीन दिसतात. काहींना भूकच कमी, जेवणात रस नाही. काहींना चव, वास, रंग किंवा पोत असह्य होतो. आणि काहींना घास अडकेल, उलटी होईल अशी भीती बसलेली असते. बऱ्याचदा ठसका लागण्याच्या एखाद्या प्रसंगानंतर ती सुरू होते. एकाच मुलात दोन कारणेही असू शकतात. स्वमग्न मुलांमध्ये पोताचा त्रास बराच आढळतो.

आपल्या केसमध्ये वजनाची घसरण आणि रक्तक्षय या दोन अटी कागदावर पूर्ण होतात आणि मिसळलेल्या पोताचा त्रासही दिसतो. तरीही चांगले उत्तर तिथेच ‘आर्फिड’ लिहून थांबत नाही. दूध, बद्धकोष्ठता आणि लोहाची कमतरता या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे भूक मारतात. त्या दुरुस्त केल्यावर किती अडचण उरते, हे पाहिल्याशिवाय शिक्का मारणे घाईचे ठरेल. शिवाय हे निदान बालरोगतज्ज्ञ व बालमानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे. आहारतज्ज्ञ लिहितात ते पोषण-निदान : ‘लोहाचे अपुरे सेवन, कारण दुधाचे अतिसेवन व मोजकेच पदार्थ स्वीकारणे, पुरावा हिमोग्लोबिन ९.४ आणि वर्षभरात ३०० ग्रॅम वजनवाढ.’ समस्या, कारण, पुरावा एका वाक्यात बांधल्याने उपाय कशावर करायचा हे आपोआप ठरते.

पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचे?

लोहाचे औषध डॉक्टर देतात, सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅमच्या आसपास. या मुलाला सुमारे ४० मिलिग्रॅम. एवढे लोह त्याच्या आठ पदार्थांतून मिळणे अशक्य आहे, म्हणून ‘खजूर-गूळ देऊन बघू’ ही चालढकल इथे चालत नाही. औषध दुधासोबत द्यायचे नाही. बद्धकोष्ठतेवरही औषध याच वेळी सुरू होते, कारण पोट मोकळे झाल्याशिवाय पुढचे काहीही साधत नाही.

आहारातला पहिला बदल म्हणजे दूध ९०० वरून ५०० मिलीवर आणणे. एकदम नव्हे. दर तीन दिवसांनी १०० मिली कमी केले तर साधारण बारा दिवसांत काम होते. सुरुवात रात्रीच्या बाटलीपासून, आणि उरलेले दूध पेल्यातून, जेवणानंतर. ‘दूध कमी केले तर हाडांचे काय?’ हा आजीचा प्रश्न रास्त असतो. त्याचे उत्तर आकड्यांतच आहे : या वयात रोज ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि ते गायीच्या ५०० मिली दुधातून मिळून जाते. प्रथिनांची १६ ग्रॅमची गरजही तेवढ्यातच भागते.

कमी झालेल्या ४०० मिली दुधाबरोबर सुमारे २८० कॅलरी जातात. त्या तो आज जे खातो त्यातूनच भरायच्या. पोळी-भातावर दिवसभरात दोन चमचे जास्तीचे तूप, एक छोटी जास्त पोळी आणि एक लहान केळे यांतून बहुतांश भर निघते. या टप्प्यावर नवी भाजी आणायची नाही. पहिल्या आठवड्यात तो दुधासाठी रडेल, थोडे कमी खाईल. हे पालकांना आधीच सांगितले नाही तर तिसऱ्या रात्री बाटली परत येते.

जेवणाच्या वेळी कोणी काय ठरवायचे?

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी अनेक देशांत वापरली जाते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने. या घरात सारे उलटे चालले आहे : काय खायचे ते मुलगा ठरवतो आणि किती ते आजी.

म्हणून दिवसाची तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर, मध्ये फक्त पाणी. पाय टेकतील अशी बसण्याची जागा, मोबाइल बंद, शक्य तितके घरच्यांसोबत. वीस ते तीस मिनिटांनी ताट उचलायचे, न रागावता. दर जेवणात त्याच्या यादीतला एक तरी पदार्थ असलाच पाहिजे, म्हणजे तो उपाशी उठणार नाही.

चिऊ-काऊचा घास ही आपल्याकडची लाडकी रीत. तान्ह्याला खेळवताना ती गोडच आहे. चार वर्षांच्या मुलाच्या मिटलेल्या तोंडासमोर मात्र तीच बळजबरी होते. लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही बालवाडीच्या मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला गेला, काही वेळा नाही. आग्रह केला तेव्हा मुलांनी सूपबद्दल जास्त नकारात्मक शेरे मारले, आणि आग्रह नसताना ती अधिक प्यायली. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हाही आग्रहच. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मूल शिकते.

त्याऐवजी बोलायचे कसे, हे समुपदेशनात प्रत्यक्ष म्हणून दाखवावे लागते. ‘एक घास खा ना, माझ्यासाठी’ याच्या जागी ‘हे गाजर आहे, कुरकुरीत लागतं. नको असेल तर ताटात राहू दे.’ आणि आजीला घरच्यांसमोर दोषी न ठरवता ताट वाढण्याचे, सोबत बसून जेवण्याचे काम द्यायचे. आजीला वगळून केलेली योजना टिकत नाही.

नवे पदार्थ कसे वाढवायचे?

यासाठी ‘फूड चेनिंग’ म्हणजे पदार्थांची साखळी वापरतात. मूल जे खाते त्याच्याशी चव, रंग किंवा पोत जुळणारा पुढचा पदार्थ निवडायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. या मुलाला कोरडे, कुरकुरीत, फिकट रंगाचे पदार्थ आवडतात, ओले मिश्रण नको असते. मग साखळी तिथूनच सुरू होते.

कुरमुऱ्यांत आधी चार फुटाणे, वेगळे ठेवून. मग थोडे भाजलेले शेंगदाणे, नीट चावता येत असेल तर आणि मोठ्यांच्या नजरेखालीच, कारण असे कडक दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. पुढे लिंबू पिळलेली कोरडी भेळ. पोळीची दुसरी साखळी : तूप-साखर पोळी, मग त्यावर चिमूटभर दाण्याचे कूट, मग कणकेत चमचाभर बेसन, शेवटी पातळ कुरकुरीत धिरडे. वरणाकडे थेट जायचे नाही, डाळ धिरड्यातून येते. अंडे पूर्वी खात होता, म्हणून ते परत येण्याची शक्यता चांगली. पण उकडलेल्याऐवजी कडा कुरकुरीत झालेल्या पातळ ऑम्लेटचा तुकडा द्यावा.

नव्या पदार्थाचा तुकडा वाटाण्याएवढा पुरे. पाहणे, हात लावणे, वास घेणे, जिभेला लावणे, चावून थुंकणे ही प्रत्येक पायरी प्रगतीच आहे. एक पदार्थ स्वीकारायला आठ-पंधरा वेळा तो समोर यावा लागतो, काहींना त्याहूनही अधिक. बहुतेक घरांत तीन-चार प्रयत्नांनंतर ‘त्याला आवडत नाही’ असा निकाल लागतो. आणखी एक चूक म्हणजे लपवाछपवी. पोळीत बीट लपवले आणि मुलाने ते ओळखले, तर बीट दूरच, पोळीही यादीतून जाते. आठच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. बदल सांगूनच करावा.

‘भूक लागली की आपोआप खाईल, दोन दिवस काही देऊ नका’ हा सल्लाही इथे नको. सर्वसाधारण मुलाला तो कदाचित लागू पडेल, पण आर्फिडचे मूल भूक असूनही नकोशा अन्नाला हात लावत नाही आणि वजन आणखी घटते. भूक वाढवणारी सिरपे डॉक्टरांशिवाय देऊ नयेत. त्यांतील काही औषधांनी झोप येते आणि मूळ कारण तसेच राहते.

सुधारणा होते आहे, हे कसे कळते?

वजन दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर. रोज वजन केल्याने फक्त घरातला ताण वाढतो. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवे. ते सामान्य पातळीवर आल्यावरही लोहाचे औषध साधारण दोन-तीन महिने चालू ठेवतात, साठा भरण्यासाठी. हिमोग्लोबिन वाढलेच नाही तर औषध खरेच पोटात जाते का, दुधासोबत दिले जाते का, हे आधी पाहतात. मग थॅलेसेमिया मायनर किंवा सीलिॲक आजारासारख्या कारणांचा शोध घेतला जातो.

तिसरे मोजमाप म्हणजे पदार्थांची यादी. तीन महिन्यांत आठाचे बारा-तेरा झाले, जेवण अर्ध्या तासात होऊ लागले आणि वजनाची रेषा पुन्हा वर वळली, तर ही मुख्यतः दुधाने बिघडलेली घडी होती. रक्त सुधारले, पोट साफ होते, तरी यादी तशीच किंवा आठाची सहा झाली, तर आर्फिडची शक्यता बळावते आणि बालमानसोपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची मदत लागते.

किशोरवयात हाच सल्ला उलटा का पडतो?

समजा चौदा वर्षांची मुलगी आहे. चार महिन्यांत सात किलो वजन कमी झाले, आधी गोड सोडले, मग भात, मग तेल. पाळी थांबली. ‘मैत्रिणीकडे जेवून आले’ हे वारंवार. कारण विचारले तर पोट मोठे दिसते. हा नखरा नव्हे आणि आर्फिडही नव्हे. ही ॲनोरेक्झिया नर्व्होसाची लक्षणे आहेत आणि हा आजार मुलांमध्येही, म्हणजे मुलग्यांमध्येही, होतो.

इथे ‘किती खायचे ते तिने ठरवावे’ हा सल्ला घातक आहे, कारण तो निर्णय आजाराच्या हाती जातो. कुटुंबाधारित उपचारपद्धतीत सुरुवातीला काय आणि किती खायचे हे पालक ठरवतात, सोबत बसतात आणि वजन पूर्ववत झाल्यावर हळूहळू जबाबदारी मुलीकडे परत देतात. तिच्यासमोर कॅलरी मोजणे, वजनावर शेरे मारणे टाळायचे. पण घरीच एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे. दीर्घ उपासमारीनंतर अचानक अन्न वाढवले की रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. चक्कर येणे, हातपाय गार पडणे, जागेपणी नाडी ५०च्या खाली, अशी चिन्हे दिसली तर आहारतक्ता मागत न बसता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

लहान मुलाच्या बाबतीत पुढीलपैकी एक गोष्ट पुरेशी आहे : सहा महिन्यांत वजन न वाढणे, एकूण पदार्थ वीसच्या खाली असणे, सोडलेला पदार्थ परत न येणे, धान्य-डाळ-भाजी यांपैकी पूर्ण गटच बंद होणे, जेवताना वारंवार ठसका, उलटी किंवा दुखणे. जाताना तीन दिवसांची नोंद, दुधाचे माप आणि जुनी वजने सोबत न्यावीत. पहिल्याच भेटीत निम्मे निदान त्या तीन कागदांवरून होते.